‘०९/०५, ७:३०’ एवढ्याच संदेशाचा अर्थ कसा लावावा?

प्रश्न: एका ओळखीच्या व्यक्तीने मला फक्त ‘०९/०५, ७:३०’ असे पाठवले आहे, पुढेमागे काही नाही. ही आठवण आहे, बेत आहे की प्रश्न? आणि मी काय उत्तर द्यावे?

उत्तर: सर्वप्रथम त्या व्यक्तीशी झालेले मागचे संभाषण उघडून पाहावे, कारण नुसती तारीख ही बहुतेक वेळा आपणच विचारून विसरलेल्या एखाद्या प्रश्नाचे उत्तर असते. ‘कधी भेटायचे?’ किंवा ‘मुदत केव्हा संपते?’ असे काही तिथे सापडले, तर शोध तिथेच संपतो.

तसे काही नसेल, तर आकड्यांच्या घडणीकडे पाहावे. नुसती वेळ आली असती, तर ती बहुधा आजचीच असती. नुसती तारीख असती, तर वाढदिवस किंवा शेवटची मुदत असे पूर्ण दिवसाचे काही असण्याची शक्यता अधिक होती. तारीख आणि वेळ दोन्ही आहेत, म्हणजे कोणीतरी कुठेतरी पोहोचायचे आहे. त्यातही ७:३० ही माणसांनी ठरवलेली वेळ वाटते. ७:४२ असते, तर मी आधी गाडीच्या वेळापत्रकाचा विचार केला असता, कारण भेट कोणी बेचाळीस मिनिटांवर ठरवत नाही. अर्थात, ‘तेव्हा मोकळे आहात का?’ हा प्रश्नही याच आकड्यांत दडलेला असू शकतो आणि तो नुसत्या आकड्यांवरून ओळखता येत नाही.

खरी अडचण तारखेची आहे. दिवस आधी लिहिणाऱ्यासाठी ही ९ मे आहे, तर महिना आधी लिहिणाऱ्यासाठी ५ सप्टेंबर. दिवसाचा आकडा तेरा किंवा त्याहून मोठा असता, तर हा घोळ झालाच नसता. परंतु वर्षातल्या १३२ तारखा अशा दुहेरी वाचता येतात. अशा वेळी वार विचारावा असा सल्ला दिला जातो आणि एरवी तो बऱ्याचदा उपयोगी पडतो. उदाहरणार्थ, २०२५ मध्ये ७ एप्रिलला सोमवार होता आणि ४ जुलैला शुक्रवार, त्यामुळे ०४/०७ चा उलगडा वारावरून झाला असता. तुमच्या तारखेला मात्र तो उपाय लागू पडत नाही, कारण ९ मे आणि ५ सप्टेंबर यांचा वार कोणत्याही वर्षी एकच असतो. (११ जुलै आणि ७ नोव्हेंबर ही जोडीही तशीच आहे.) फोनने ती तारीख अधोरेखित करून दिनदर्शिकेत नोंदवण्याची सोय दिली, तरी तिच्यावर विसंबू नये, फोन आपल्या सेटिंगप्रमाणे वाचतो, पाठवणाऱ्याच्या सवयीप्रमाणे नव्हे.

म्हणून ‘म्हणजे काय?’ असे न विचारता आपला अंदाजच लिहून पाठवावा: ‘९ मे, संध्याकाळी साडेसात, भेटण्यासाठी ना?’ महिन्याचे नाव, सकाळ की संध्याकाळ आणि कारण या तिन्ही गोष्टी त्यात आल्याने समोरच्याला चुकलेली तेवढीच दुरुस्त करता येते. ती व्यक्ती दुसऱ्या देशात असेल, तर कोणत्या शहरातले साडेसात, हेही त्याच ओळीत विचारावे.