इन्कम टॅक्सचं पहिलं अपील गेलं, आता ट्रिब्युनलला जायचं का?

प्रिय मुली,

बाबांचं इन्कम टॅक्सचं पहिलं अपील फेटाळल्याची तू पाठवलेली ऑर्डर काल रात्री दोनदा वाचली. फोनवर तू म्हणालीस की बाबा म्हणतायत जाऊदे, भरून टाकू, आणि आई म्हणते सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊ. दोघंही कागद न बघता बोलतायत, म्हणून हे सगळं तुला लिहितोय, कारण फाईल आता तुझ्या हातात आहे.

आधी तारीख बघ. ऑर्डर बाबांच्या पोर्टलवर आणि ईमेलवर ११ फेब्रुवारीला आली. ट्रिब्युनलला जायला पूर्वी ऑर्डर मिळाल्यापासून ६० दिवस असायचे, पण १ ऑक्टोबर २०२४ पासून नियम बदललाय, आता ऑर्डर ज्या महिन्यात मिळाली तो महिना संपल्यापासून दोन महिने. म्हणजे आपल्याला ३० एप्रिलपर्यंत वेळ आहे. ऐकायला भरपूर वाटतो पण एप्रिल म्हणजे तुमच्याकडे आंब्याच्या पेट्या भरायचे दिवस, तेव्हा घरात कुणालाच कागद शोधायला वेळ नसतो, म्हणून मी ३१ मार्च हीच शेवटची तारीख धरतोय. उशीर झाला तर माफीचा अर्ज करता येतो, सोबत अॅफिडेव्हिट लागतं, आणि उशीर का झाला याचं पटेल असं कारण द्यावं लागतं. आंब्याचा सीझन होता हे कारण मी तरी लिहिणार नाही. आजारपण, ऑर्डर हातातच न पडणं, अशी कारणं कागदासकट दिली तर ऐकतात.

आता खरा प्रश्न, जायचं का. त्यासाठी अपील हरलंय कशावर ते बघावं लागतं. नोटबंदीत नोव्हेंबर २०१६ मध्ये बाबांनी खात्यात ९ लाख रोख भरले. इन्कम टॅक्स ऑफिसरने विचारलं कुठून आले, बाबा म्हणाले हापूसचे. ऑफिसर म्हणाला आंबा मे महिन्यात संपतो, पैसे नोव्हेंबरमध्ये कसे, आणि पुरावा नाही म्हणून सगळेच्या सगळे कलम ६९अ खाली, म्हणजे कुठून आले ते सांगता न आलेले पैसे म्हणून, उत्पन्नात धरले. या कलमाला त्या वर्षी ६० टक्के टॅक्स, त्यावर सरचार्ज आणि सेस, मिळून ७७.२५ टक्के. म्हणजे ९ लाखांवर ६,९५,२५० रुपये, वर व्याज वेगळं. त्याच्या मागोमाग दंडाची नोटीसही निघते.

पहिल्या अपिलात काय झालं ते ऑर्डरच्या पान ४ वर आहे, तिथे पेन्सिलीने खूण केलीय. तीन नोटिसा पाठवल्या, उत्तर आलं नाही, म्हणून अपिलात रस नाही असं समजून फेटाळलं. नोटिसा जुन्या कन्सल्टंटच्या ईमेलवर जात होत्या, तो मुंबईला निघून गेला होता. ही आपली सगळ्यात जमेची बाजू आहे. पहिल्या अपिलाच्या अधिकाऱ्याला फक्त हजर राहिला नाहीत म्हणून अपील फेटाळता येत नाही, मुद्दा कोणता, निर्णय काय आणि कारण काय हे कलम २५०(६) प्रमाणे लिहावंच लागतं, आणि मुंबई हायकोर्टाने २०१६ साली हे स्पष्ट सांगितलंय. पण नीट वाच हं, काही ऑर्डर्समध्ये अधिकारी हजर नसल्याचं लिहून पुढे दोन पानं मुद्द्यावरही कारणं देतात, तसं असतं तर हा ग्राउंड, म्हणजे अपिलाचा मुद्दा, निम्मा लंगडा झाला असता. आपल्यात तसं नाही.

पण या ग्राउंडवर जिंकलो तरी पैसे सुटत नाहीत, बहुतेक वेळा ट्रिब्युनल फाईल परत खाली पाठवतं, नव्याने ऐका म्हणून. मग तिथे दाखवायला काही नसेल तर दोन वर्षांनी परत हाच आकडा. म्हणून जायचं की नाही हे मी फक्त पान ४ वरून ठरवत नाही, आडत्याने दिलेल्या पट्ट्यांवरून, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या कागदांवरून ठरवतो.

वाशीच्या आडत्याच्या २०१६ सीझनच्या पट्ट्या तू जमवल्यास ते फार छान केलंस, एकूण १४ लाख. पण त्यातले ६ लाख आडत्याने बँकेत टाकलेत, ते खात्यात आधीच दिसतायत. तेच पैसे परत रोख म्हणून दाखवले तर समोरचा दोन मिनिटांत पकडेल आणि मग खऱ्या पट्ट्यांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही. म्हणजे रोख ८ लाख. त्यातून फवारणी, राखण, मजुरी, पेट्या, गवत याला साडेतीन लाख रोखीत गेले हे बाबांच्याच वहीत आहे. उरले साडेचार. जून ते ऑक्टोबर बँकेतून काढलेले १ लाख ८० हजार खात्यावर दिसतात, घराच्या कामाला काढले होते आणि काम झालंच नाही, तेही धरू. मिळून ६ लाख ३० हजार. उरलेल्या २ लाख ७० हजारांना माझ्याकडे उत्तर नाही आणि तुझ्याकडेही नसेल तर ओढूनताणून उत्तर तयार करायचं नाही.

म्हणजे लढाई ६ लाख ३० हजारांची आहे, वाचला तर टॅक्स ४,८६,६७५. समोर खर्च काय? ट्रिब्युनलची फी वादातल्या रकमेवर नसते, ऑफिसरने ठरवलेल्या एकूण उत्पन्नावर असते, ते २ लाखांच्या वर असेल तर पूर्ण उत्पन्नाच्या १ टक्का, पण १० हजारांच्या पुढे नाही. आपलं ठरवलेलं उत्पन्न ११ लाख १० हजार, म्हणून १० हजार. वर वकिलाची फी आणि पुण्याला जाणंयेणं, कारण रत्नागिरीची प्रकरणं पुणे बेंचकडे जातात. मला विचारशील तर जायचं. पट्ट्या नसत्या तर मी बाबांच्या बाजूने झालो असतो.

ग्राउंड्स मी तीनच लिहिणार आहे. एक, मुद्द्यावर निर्णय न देता अपील फेटाळलं. दोन, रोख रक्कम हापूसच्या विक्रीची आणि बँकेतून काढलेली असताना कलम ६९अ लावणं चूक. तीन, दुसरा पूर्ण मान्य नसेल तर निदान जेवढा हिशोब लागतो तेवढी रक्कम वगळावी. ट्रिब्युनलच्या नियमातच आहे की ग्राउंड छोटे, नंबर घालून, वाद न घालता लिहायचे. नोटबंदीत शेतकऱ्यांचे किती हाल झाले वगैरे तू लिहिलेलं पान मनापासून आहे पण ते तिथे नको.

पट्ट्या खाली कुठेच दिलेल्या नाहीत, त्यामुळे नियम २९ खाली नवा पुरावा घ्या असा वेगळा अर्ज लागेल. हा आपला हक्क नाही, ट्रिब्युनलला वाटलं तर घेतं, म्हणून खाली संधी का मिळाली नाही ते ईमेलच्या प्रिंटसकट दाखवायचं. सातबारा २०१६ चाच काढ, पीकपाहणीत आंबा आणि झाडांची संख्या दिसायला हवी, आजचा उतारा उपयोगाचा नाही.

आणि एक, अपील टाकलं म्हणून वसुली थांबत नाही. ती थांबवायला स्टेचा वेगळा अर्ज, फी ५०० रुपये, आणि स्टे मिळण्यासाठी मागणीच्या साधारण २० टक्के भरावे लागतात किंवा तारण द्यावं लागतं. बाबांनी २०२० मध्ये काही भरलं होतं का ते चलन शोध, ते यात धरता येईल.

रविवारी दुपारी ये, पट्ट्या तारखेप्रमाणे लावून आण आणि बाबांची वही मूळ, झेरॉक्स नको. बाबांनाही घेऊन ये, वहीतलं अक्षर त्यांनाच लागतं.

तुझा,
काका