दोन डॅशबोर्ड, दोन आकडे: मॅनेजरना मेल कसा लिहावा

प्रश्न: सेल्सचा डॅशबोर्ड जूनचे ग्राहक ४८,२१० दाखवतो, मार्केटिंगचा ४५,९३०. सेल्सवाले सगळ्या ऑर्डरींतले `customer_id` मोजतात, मार्केटिंगवाले पोहोचलेल्या ऑर्डरींवरचे मोबाइल नंबर. मॅडमनी विचारलंय, "खरा कुठला?" मेल कसा लिहू?

उत्तर:

"दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत" असं लिहून थांबू नका. मॅडमना पुढे कुणाला तरी एकच आकडा सांगायचा असतो. कुठल्या कामाला कुठला आकडा वापरायचा, हे मेलच्या पहिल्या दोन ओळींत यायला हवं. कारणं त्यानंतर.

पण त्याआधी २,२८० चा फरक फोडून घ्या. व्याख्या वेगळी आहे म्हणून फरक आला, हा अजून अंदाज आहे. कुठल्या कारणाने किती, हे मोजलं की उत्तर होतं. दोन्हीकडच्या जूनच्या याद्या काढा, मोबाइल नंबर एकाच साच्यात आणा (कुठे +91 असतं, कुठे सुरुवातीला शून्य) आणि एकीकडे असून दुसरीकडे नसलेले शोधा:

```sql
SELECT s.mobile
FROM sales_june s
LEFT JOIN mkt_june m ON s.mobile = m.mobile
WHERE m.mobile IS NULL;
```

यातले वीसेक ग्राहक उघडून त्यांच्या ऑर्डरी डोळ्यांनी बघा. बहुतेकांची एकुलती एक ऑर्डर रद्द झालेली किंवा परत आलेली दिसेल. हीच क्वेरी उलट्या बाजूनेही चालवा, कारण मार्केटिंगकडे असलेले पण सेल्सकडे नसलेले ग्राहकही निघतात आणि नुसत्या वजाबाकीत ते लपतात.

एकाच नंबरावर दोन खाती असलेले लोक मात्र या क्वेरीत सापडणार नाहीत, कारण नंबर दोन्हीकडे आहेच. लॉगिन न करता ऑर्डर दिली की बऱ्याच ठिकाणी नवा `customer_id` तयार होतो. त्यासाठी सेल्सच्या यादीत `customer_id` किती आणि वेगळे मोबाइल किती, हे वेगळं मोजा. हे रद्दवाले काढून टाकल्यावर करा. क्रम ठरवला नाही तर ज्याची दोन खाती आहेत आणि ऑर्डरही रद्द आहे, तो दोनदा वजा होतो आणि बेरीज जुळत नाही.

वेळही तपासा. एक डॅशबोर्ड भारतीय वेळेवर आणि दुसरा यूटीसीवर चालत असेल, तर १ जूनच्या पहाटे २ ची ऑर्डर दुसऱ्यात ३१ मेच्या रात्री साडेआठला पडते आणि मे महिन्यात जाते. तसंच १ जुलैच्या पहाटे साडेपाचपर्यंतच्या ऑर्डरी जूनमध्ये घुसतात. ओळखायची सोपी खूण: तासावार आलेख बघा. तुमची गर्दी रात्री नऊची असेल आणि तिथे ती दुपारी साडेतीनला दिसत असेल, तर घड्याळ यूटीसीचं आहे.

मग मेल असा. एकूण आकडे तुमचे आहेत, फोड मी नमुन्यादाखल घातली आहे:

> विषय: जूनची ग्राहकसंख्या – ४८,२१० आणि ४५,९३० मधला फरक
>
> मॅडम,
>
> माल मिळालेले ग्राहक किती, हे सांगायचं असेल तर ४५,९३० वापरावा. ४८,२१० हा ऑर्डर देणाऱ्या खात्यांचा आकडा आहे. मागणी किती आली हे बघायला तो उपयोगी आहे.
>
> सेल्सच्या ४८,२१० पासून सुरुवात केली तर: सर्व ऑर्डरी रद्द किंवा परत झालेली १,६४० खाती वजा, उरतात ४६,५७०. एकाच मोबाइलवरची ७१० जादा खाती वजा, उरतात ४५,८६०. मार्केटिंगचा महिना साडेपाच तास उशिरा सुरू होऊन उशिरा संपतो, त्यामुळे ५८ ग्राहक वाढतात: ४५,९१८. उरलेल्या १२ चं कारण अजून सापडलेलं नाही.
>
> आकडे ५ जुलै, सकाळी १० वाजता काढले आहेत. मार्केटिंगचा डॅशबोर्ड भारतीय वेळेवर आणावा का, यावर आपला निर्णय हवा आहे.

ते १२ कुठल्यातरी कारणात कोंबू नका. पुढच्या महिन्यात ते २०० झाले, तर काहीतरी नवीन बिघडलंय हे याच ओळीमुळे कळेल. एकाच घरातले दोघं एकच नंबर देतात, त्यामुळे ७१० मध्ये काही खरोखरचे वेगळे ग्राहकही असणार. मॅडमनी खोदून विचारलं तर तेवढं सांगायची तयारी ठेवा.

काढल्याची तारीख-वेळ गाळू नका. डॅशबोर्ड ऑर्डरीची आजची स्थिती वाचत असेल, तर जूनमध्ये पोहोचलेला माल जुलैत परत आला की जूनचा ४५,९३० मागाहून कमी होतो. मॅडम २० तारखेला डॅशबोर्ड उघडतील आणि तुमच्या मेलमधला आकडा तिथे नसेल.