३२ वर्षांनी पुन्हा तान्हं बाळ

"सुनेची रजा संपतेय. साडेचार महिन्यांच्या नातीला दिवसभर मला एकटीलाच सांभाळायचंय. दोन मुलं वाढवली, पण त्याला ३२ वर्षं झाली. आता नुसत्या विचारानेही छातीत धडधडतं. मला जमेल का?"

मी काकूंना विचारलं, "नेमकं केव्हा धडधडतं?" बाळाला उचलताना नाही. पायांवर घेऊन न्हाऊ घालताना तर नाहीच, ते हात काही विसरले नव्हते. भीती होती फ्रिजपाशी.

आदल्या आठवड्यात सून तासाभरासाठी बाहेर गेली होती. तिने काढून ठेवलेलं दूध काकूंनी फ्रिजमधून घेतलं, तर वर पिवळसर थर आणि खाली पाणचट. "नासलं," म्हणून त्यांनी ते बेसिनमध्ये ओतून दिलं. सून परत आल्यावर काही बोलली नाही, रिकाम्या बाटलीकडे बघत राहिली. ते बघणं काकूंच्या जिव्हारी लागलं होतं.

दूध नासलं नव्हतं. आईचं दूध ठेवून दिलं की स्निग्धांश वर येतो; बाटली हलकेच गोल फिरवली की ते पुन्हा एकजीव होतं. काकूंच्या बाळंतपणात दूध काढून ठेवायची वेळच आली नव्हती, मग त्यांना हे ठाऊक कसं असणार?

रजेचे चार दिवस उरले होते. मी दोघींना रोज दोन तासांची तालीम करायला सांगितली: सून घरातच, पण आतल्या खोलीत दार लावून. काकूंनी बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवायची, गॅसवर नाही. मनगटावर थेंब टाकून बघायचा. बाळाने उष्टं ठेवलेलं दूध दोन तासांच्या आत संपलं नाही तर टाकून द्यायचं. हाक मारल्याशिवाय सुनेने बाहेर यायचं नाही. (पहिल्या दिवशी सूनच तीनदा बाहेर आली.)

मोहरीच्या उशीवरून दोघींचं वाजलं होतं. इथे मी मध्यममार्ग काढला नाही. उशी नको, बाळाला उताणंच झोपवायचं. पालथं झोपवल्याने झोपेत अचानक दगावण्याचा धोका वाढतो. सहा महिन्यांपर्यंत बाळगुटी आणि वरचं पाणीही नको. काकू थोड्या रुसल्या.

रडण्याचं मात्र त्यांना वेगळं सांगावं लागलं. पोट भरलंय, ढेकर निघालाय, लंगोट कोरडा आहे, तरी बाळ थांबत नाही आणि आपलेच हात थरथरायला लागले, तर त्याला पाळण्यात उताणं ठेवून पाच मिनिटं गॅलरीत जायचं. तेवढ्याने बाळाचं काही बिघडत नाही. पण ते दूधच घेत नसेल, मलूल पडलं असेल किंवा धाप लागल्यासारखा श्वास घेत असेल, तर मला नाही, डॉक्टरांना फोन करायचा.

पंधरा दिवसांनी काकू आल्या, मनगटाला पट्टा बांधून. दिवसभर उचलून दुखतं म्हणाल्या. दुधाचं विचारलं, तर हवेतच बाटली फिरवून दाखवली. मग जरा अडखळत म्हणाल्या, "शनिवारी भिशी असते हो माझी. सुनेला कसं सांगू?" पुढची अर्धी बैठक त्यातच गेली.