साखरपुड्याच्या टोस्टमधले ग्रुपचे विनोद: काय ठेवावं, काय गाळावं?

प्रश्न: माझ्या जिवलग मैत्रिणीच्या साखरपुड्यात मला टोस्ट द्यायचा आहे. मसुदा तयार आहे, पण त्यात सगळे आमच्या ग्रुपमधलेच विनोद आहेत. ते काढले तर भाषण कोरडं होतं. पाहुण्यांनाही कळावेत आणि कुणाला अवघडल्यासारखं होऊ नये, यासाठी काय करू?

उत्तर: सगळे काढू नका, पण संख्या कमी करा. चार मिनिटांच्या टोस्टमध्ये, सावकाश बोललं तर, साधारण 400 ते 500 शब्द बसतात. नवख्या माणसाला कळेल असा एक किस्सा सांगायला त्यातले शंभरेक सहज जातात. मैत्रिणीबद्दल मनापासून दोन शब्द, तिच्या होणाऱ्या नवऱ्याचं स्वागत आणि शेवटच्या शुभेच्छा यांनाही जागा लागते. म्हणजे किस्सा एकच, फार तर दोन. मसुद्यात सहा-सात विनोद मावले असतील तर ते किस्से नसून नुसते उल्लेख असणार: एखादं टोपणनाव, एखाद्या सहलीचं नाव, ‘आठवतंय ना?’ असा एक प्रश्न. ग्रुपला तेवढं पुरतं, कारण पुढची गोष्ट त्यांना पाठ असते. बाकीचे पाहुणे मात्र ‘हे काय होतं?’ म्हणून शेजारच्याकडे बघतात आणि तुमची पुढची दोन वाक्यं त्यांच्या कानावरून जातात.

कोणता किस्सा ठेवायचा हे ठरवताना मी एकच बघते: त्यातून ती माणूस म्हणून कशी आहे ते कळतं का? नुसतं ‘तेव्हा काय धमाल आली’ एवढंच कळत असेल तर तो कितीही आवडता असला तरी बाजूला ठेवा. ग्रुप नंतर एकत्र बसेल तेव्हा तो निघेलच.

एक उदाहरण सविस्तर सांगते. ओळखीतल्या एका मुलीने तिचा मसुदा मला तपासायला दिला होता. त्यात हे वाक्य होतं:

*‘आणि आमच्या जनरेटरला कोण विसरेल! चौथ्या मजल्यावरची ती रात्र, ते रडणं, ती मेणबत्ती... मंडळी, आठवतंय ना?’*

मी तिला म्हटलं, मला यातलं काहीच माहीत नाही, सगळं सांग. तिने सांगितलं ते असं. हॉस्टेलमध्ये परीक्षेच्या आदल्या रात्री वीज गेली. हिची मैत्रीण एक मेणबत्ती घेऊन दारोदार फिरली, सगळ्यांना एका खोलीत गोळा केलं आणि पहाटेपर्यंत आख्खा विषय समजावून सांगितला. त्या रात्रीपासून तिचं नाव जनरेटर. ग्रुपमधली एक जण त्या रात्री ‘मी नापास होणार’ म्हणून हमसून हमसून रडली होती. शिवाय मैत्रिणीचं तेव्हाच्या मित्राशी फोनवर कडाक्याचं भांडण झालं होतं आणि ‘ती रात्र’ म्हटलं की ग्रुपला आधी तेच आठवायचं.

भांडणाचा भाग गाळायचा हे उघड होतं. जुन्या नात्याचा उल्लेख तिथे कुठल्याच रूपात नको, नाव न घेता केलेला सूचक उल्लेखही नको. सूचक उल्लेखावर मित्रमंडळी ज्या ठरावीक पद्धतीने हसतात, त्यावरून समोर बसलेल्या घरच्यांना काहीतरी झाकलं जातंय हे लगेच जाणवतं. म्हणून ‘ती रात्र’ हे शब्दसुद्धा गेले.

रडणारी मुलगी मात्र तिच्या लक्षातच आली नव्हती. आपण काळजी घेतो ती जिचा साखरपुडा आहे तिची. पण किस्स्यातली दुसरी माणसंही त्याच हॉलमध्ये बसलेली असतात. नाव घेतलं नाही तरी ग्रुप तिच्याकडे वळून बघणार आणि मग सगळे बघणार. म्हणून ‘रडणं’ गेलं आणि तिथे ‘आम्ही सगळ्याच घाबरलो होतो’ आलं. बोलणारी स्वतःही त्यात आली, त्यामुळे कुणी एकटी पडली नाही.

मग क्रम बदलला. टोपणनाव आधी आणि खुलासा नंतर आला की लोक आधी गोंधळतात, मग समजून घेतात आणि हसायची वेळ निघून जाते. आधी जागा, मग अडचण, मग तिने काय केलं आणि अगदी शेवटी नाव. ते नावही वाक्याच्या शेवटीच यायला हवं. ‘आम्ही तिला जनरेटर म्हणू लागलो’ यात गमतीचा शब्द मध्ये अडकतो आणि ‘म्हणू लागलो’ त्याच्यावर पडतं. शेवटी मजकूर असा झाला:

*‘परीक्षेच्या आदल्या रात्री आमच्या हॉस्टेलची वीज गेली. आम्ही सगळ्याच घाबरलो होतो. तेवढ्यात दारावर टकटक झाली. ही उभी, हातात मेणबत्ती. म्हणाली, पुस्तकं घ्या आणि माझ्या खोलीत चला. पहाटेपर्यंत तिने आम्हाला आख्खा विषय शिकवला. सकाळी वीज आली, पण तोवर तिचं नाव पडलं होतं... जनरेटर!’*

आता यात कुणाला न कळणारं काही नाही, आणि ती अडचणीत सगळ्यांना सोबत घेते हे न सांगता कळतं. याचा आणखी एक फायदा आहे, आणि मला तो सगळ्यात मोठा वाटतो. एकदा उलगडलं की ते नाव सगळ्या हॉलचं होतं. त्यामुळे शेवटी ग्लास उंचावताना तिने होणाऱ्या नवऱ्याकडे वळून म्हटलं, ‘तुमच्या घरात आता अंधाराची काळजी नको, जनरेटर येतोय,’ तेव्हा त्याच्या घरचेही ग्रुपइतक्याच मोकळेपणाने हसले. मूळ मसुद्यात त्यांच्यासाठी एकही वाक्य नव्हतं.

तुमचा मसुदा असा तयार झाला की मैत्रिणीला न ओळखणाऱ्या एखाद्या व्यक्तीला तो मोठ्याने वाचून दाखवा. ‘आवडलं का?’ विचारू नका, सगळे आवडलं म्हणतात. किस्सा परत सांगायला लावा. जिथे ती व्यक्ती अडखळेल किंवा ‘ही कोण?’ विचारेल, तिथे एक छोटं वाक्य कमी आहे. उलट, खुलासा करताना तुम्हालाच ‘म्हणजे त्याआधी काय झालं होतं की...’ असं दोनदा मागे जावं लागत असेल, तर तो किस्सा टोस्टसाठी नाही. दुसरा निवडा.

पैसे, शरीर, दारू, आजारपण आणि ‘ही तर लग्नच करणार नाही म्हणायची’ या जातीचे किस्से मी तपासतसुद्धा बसत नाही, सरळ काढते. शेवटचा निरुपद्रवी वाटतो, पण तो नवऱ्यामुलाच्या आईवडिलांच्या कानांनी ऐकून बघा.

राहिली मैत्रिणीची संमती. पूर्ण टोस्ट तिला दाखवला तर तिचा आनंद जातो, म्हणून फक्त विषय विचारा: ‘हॉस्टेलची वीज गेली तो किस्सा सांगू का?’ हे चार-पाच दिवस आधी आणि दोघीच असताना विचारा. ग्रुपवर विचारलंत तर बाकीच्यांच्या उत्साहापुढे तिला नाही म्हणता येणार नाही. ती जरा थांबून ‘चालेल गं’ म्हणाली तर ते नाही असं समजा, कारण विचारू नका आणि दुसरा किस्सा घ्या. त्यासाठी दुसरा किस्साही आधीच पूर्ण लिहून ठेवा.