पोटरी रुंद असेल तर गुडघ्यापर्यंतचे बूट: टेप कुठे धरायची आणि इलॅस्टिक किती धरायचं

प्रश्न: माझी पोटरी ४१ सेंमी आहे, उंची पाच फूट एक इंच. लीड्सला राहते, थंडीसाठी गुडघ्यापर्यंतचे बूट हवेत, पण दुकानात चेन अर्ध्यावरच अडकते. ऑनलाइन मागवायचे तर माप नक्की कसं घ्यायचं? आणि ‘स्ट्रेच’ लिहिलेलं असतं ते कितपत धरायचं?

उत्तर:

एकट्या ४१ या आकड्यावर बूट मागवू नका. तो घेर जमिनीपासून किती उंचीवर येतो, हा दुसरा आकडा तुमच्या उंचीला तितकाच महत्त्वाचा आहे. मी मँचेस्टरमध्ये बुटांच्या दुकानात काम करते. चेन अडकली की बहुतेक जणी म्हणतात, "माझे पायच जाड आहेत." पण पुष्कळदा बुटाचा सगळ्यात रुंद भाग पोटरीच्या रुंद भागाशी जुळतच नसतो. गुडघ्यापर्यंतचे बरेचसे बूट तुमच्यापेक्षा उंच बाईच्या पायावर बेतलेले असतात. त्यांची नळी जिथे सगळ्यात मोकळी होते ती जागा तुमच्या पोटरीच्या वर येते, आणि पोटरी जिथे खरी भरलेली आहे तिथे नळी अजून निमुळतीच असते. मग वरच्या तोंडाशी हात घालण्याइतकी जागा दिसते आणि चेन मात्र मध्येच थांबते. तुमची चेन नेमकी ‘अर्ध्यावर’ अडकते म्हणजे हेच होत असण्याचा संभव मोठा आहे.

माप संध्याकाळी घ्या. दिवसभर उभं राहून किंवा बसून पाय थोडे सुजतात, आणि बूट घालून घरी परतायचं असतं तेही संध्याकाळीच. खुर्चीवर बसा, तळवा जमिनीवर सपाट, गुडघा काटकोनात. शिवणकामाची कापडी टेप पोटरीभोवती आडवी धरा आणि वर-खाली सरकवत सगळ्यात मोठा आकडा येईल तिथे थांबा. टेप मागच्या बाजूने खाली ओघळते, म्हणून आरशात बघा किंवा घरातल्या कुणाला धरायला सांगा. टेप त्वचेला टेकली पाहिजे, रुतायला नको. त्याच जागी पेनने बारीक खूण करा आणि जमिनीपासून खुणेपर्यंतची उंची मोजा. मग उभं राहून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंतची उंचीही मोजा. टाचेचे बूट घ्यायचे असतील तर चवड्यांवर उभं राहून घेर पुन्हा एकदा घ्या, कारण स्नायू आवळला की पोटरी वेगळ्या आकाराची होते. दोन्ही पायांचं माप घ्या आणि मोठा आकडा धरा.

इथे थोडं विषयांतर करते, पण ते महत्त्वाचं आहे. दोन पोटऱ्यांत अर्ध्या-एक सेंमीचा फरक अगदी नेहमीचा. पण एक पाय अलीकडेच सुजला असेल, तिथे दुखत असेल, आणि फरक तीन सेंमीच्या घरात असेल, विशेषतः भारतातून लांबच्या विमानप्रवासानंतर, तर बूट राहू द्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रक्ताची गुठळी असू शकते.

आता बुटाकडे येऊ. वेबसाइटवर तुम्हाला shaft circumference किंवा calf circumference हा आकडा शोधायचा आहे. शाफ्ट म्हणजे घोट्याच्या वरची नळी. साध्या बुटांचा हा घेर बहुधा ३५ ते ३८ सेंमी असतो. wide calf लिहिलेले साधारण ३९ ते ४३ च्या आसपास सापडतात, पण यासाठी सगळ्यांना लागू असा ठरलेला नियम नाही. एकीचा ‘वाइड’ दुसरीचा साधा निघतो. म्हणून शब्द सोडा आणि सेंटीमीटर बघा. ब्रिटनमधल्या डुओसारख्या काही कंपन्या पावलाच्या एकाच मापात पोटरीची वेगवेगळी मापं देतात. तुमच्यासारखीला तिथून सुरुवात करणं सोयीचं.

हा आकडा वाचताना दोन गोष्टी विचारून घ्या. पहिली, तो कोणत्या पावलाच्या मापाचा आहे? बरेचदा एकाच नमुन्याच्या बुटाचं, म्हणजे ३७ किंवा ३८ नंबरच्या, माप छापलेलं असतं. बूट एका नंबरने मोठा झाला की नळीही साधारण अर्धा ते एक सेंमी वाढते. तुमचं पाऊल ३६ चं असेल तर छापलेल्या घेरापेक्षा तुम्हाला कमी मिळेल. दुसरी, घेर आतून मोजलाय की बाहेरून? थंडीच्या बुटांत सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो. नळीची जाडी जितकी, त्याच्या सव्वासहा पट घेर आतून कमी होतो. चामडं आणि अस्तर मिळून तीन मिलिमीटर असेल तर जवळपास दोन सेंमी गेले. आतून लोकरीसारखं जाड अस्तर असेल तर आणखी जातात. असं अस्तर वापरून दबतं हे खरं, पण नवीन बूट चेन लागल्याशिवाय वापरता येत नाही, म्हणून त्या दबण्याच्या भरवशावर राहू नका. बूट हातात असेल तर चेन लावा, टेपचं टोक आत घाला आणि तुमच्या खुणेच्या उंचीवर आतून फिरवा. उंची आतल्या तळापासून मोजा, कारण तुमची टाच तिथे टेकणार आहे. टेप फिरवणं जमत नसेल तर नळी सपाट दाबून आतली रुंदी मोजा आणि दुप्पट करा.

‘स्ट्रेच’ या शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. काही बुटांना फक्त वरच्या तोंडाशी इलॅस्टिकचा छोटा त्रिकोण असतो. त्याने बूट गुडघ्याखाली रुतत नाही, पण पोटरीच्या पोटाला त्याचा काही उपयोग नाही, कारण तो तिथपर्यंत पोचतच नाही. काहींना चेनच्या शेजारी किंवा मागच्या शिवणीला वरपासून खालपर्यंत पट्टी असते. हीच तुमच्या कामाची. आणि काहींची अख्खी मागची बाजू किंवा सगळी नळीच ताणणाऱ्या कापडाची असते. ते घालायला सर्वांत सोपे, पण कापड पातळ असेल तर लीड्सच्या पावसात मागून भिजतात. खऱ्या चामड्याचे बूट वापरून थोडे सैल होतात. रेक्झिनसारखं कृत्रिम चामडं मात्र जवळपास तसंच राहतं. त्यामुळे ‘घालून घालून होतील सैल’ असं कुणी म्हणालं तर आधी माल काय आहे ते बघा.

पट्टी किती ताणते ते हाताने कळतं. सैल असताना तिची रुंदी मोजा, दोन्ही हातांनी ओढा, आणि ती जिथे घट्ट होऊन थांबते तिथे पुन्हा मोजा. समजा चारची सहा झाली, तर वाढ दोन सेंमी. यातला निम्मा, म्हणजे एक सेंमीच तुमच्या हिशोबात धरा. इलॅस्टिक कायम पूर्ण ताणलेलं राहिलं तर पाय आवळतो आणि पट्टीही लवकर ढिली पडते. कडा लाटेसारख्या वाकड्या झाल्या की ती संपली असं समजा. ऑनलाइन असेल तर पट्टीची रुंदी आणि तिची लांबी कुठपर्यंत आहे हे विक्रेत्याला लिहून विचारा, आणि मागच्या बाजूचा फोटो मोठा करून बघा.

तुमच्या आकड्यांवर हिशोब करून दाखवते. ४१ हे सकाळचं माप असेल तर संध्याकाळचं ४१.५ धरू. थंडीत जाड टाइट्स आल्याच, त्यांचा अर्धा सेंमी, झाले ४२. चालताना स्नायू हलायला एक सेंमी मोकळीक. म्हणजे तुमच्या खुणेच्या उंचीवर आतून ४३ सेंमी हवेत. जीन्स आत खोचणार असाल तर आणखी एक. आता ४१ घेराचा आणि चार सेंमी पट्टीचा बूट बघा: कामाचा घेर ४२. चेन लागेल, तुम्ही खूश होऊन घ्याल आणि ऑफिसात दुपारपर्यंत कंटाळाल. ४३ घेराचा बिनइलॅस्टिकचा बूट पोटरीला छान बसेल, पण असे बूट कधीकधी घोट्याशीही तितकेच रुंद असतात आणि तिथे चुण्या पडतात. घोट्याचा घेरही विचारून घ्या. मी तुम्हाला ४२ घेराचा, वरपासून खालपर्यंत पाच सेंमी पट्टीचा बूट सुचवेन, पट्टी ताणून साडेसात होत असेल तर. निम्मी वाढ सव्वा सेंमी, एकूण ४३.२५. शिवाय घोट्याशी तो अंगासरशी राहतो.

नळीच्या उंचीचं सांगायचं तर ती गुडघ्यामागच्या घडीपेक्षा तीन-चार सेंमी कमी हवी. तुमच्या उंचीला घडी साधारण ३८-३९ वर येत असेल, तर ३५ च्या आसपासची नळी बघा. ४० ची घेतलीत तर जिना चढताना कड गुडघ्यामागे टोचते आणि नळी खाली दाबली जाऊन घोट्याशी गोळा होते. काही विक्रेते ही उंची टाचेसकट सांगतात, तेही तपासा.

पार्सल आलं की संध्याकाळी, टाइट्स घालून, घरात गालिच्यावर अर्धा तास वापरा. सोलला डाग लागला तर परत घेताना कटकट होते. चेन लावताना दोन्ही कडा हाताने जवळ धराव्या लागत असतील, किंवा लागल्यावर दात एकमेकांपासून फाकून मधून फट दिसत असेल, तर परत करा. जिना चढा, खाली बसा, उठा. काढल्यावर त्वचेवर शिवणीचा हलका ठसा चालेल. खोल वळ किंवा पावलात मुंग्या असतील तर नको.

आणि परत करायची मुदत टळून गेली असेल, तर चामड्याचा बूट चांगल्या कारागिराकडे न्या. तो मागची शिवण उसवून इलॅस्टिकची पट्टी बसवू शकतो, दोनेक सेंमी मिळतात. नुसतं यंत्रावर ताणून मात्र एखादा सेंमीच वाढतो, तोही चामडं खरं असेल तर. किंमत आधी विचारा. स्वस्त बुटाला तो खर्च परवडत नाही.