लेटरहेडवरचा एक शब्द आणि अडकलेलं बिल

प्रश्न : मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. एका परदेशी संस्थेची परीक्षा देऊन 'सर्टिफाइड एनर्जी ऑडिटर' झालो आणि आयएसओ ५०००१ या ऊर्जा व्यवस्थापन मानकाचा लीड ऑडिटर कोर्सही केला. एका कापड गिरणीने 'सर्टिफाइड एनर्जी ऑडिटरकडून प्लँटचं एनर्जी ऑडिट' अशी वर्क ऑर्डर दिली. ऑडिट केलं, अहवाल दिला, अर्धे पैसे मिळाले. चार महिन्यांनी कंपनीचं पत्र आलं : 'तुम्ही बीईईचे मान्यताप्राप्त ऑडिटर नाही, अहवाल कायद्याने चालत नाही, ॲडव्हान्स परत करा, नाहीतर फसवणुकीची तक्रार करू.' माझ्या लेटरहेडवर 'मान्यताप्राप्त ऊर्जा लेखापरीक्षक' असं छापलेलं आहे. कोटेशनला सर्टिफिकेटची प्रत जोडली होती. पैसे परत करावे लागतील का? आणि नियामकाला आणि क्लायंटला नक्की कोणतं सर्टिफिकेट चालतं, हे आधी कसं ओळखायचं?

उत्तर : ॲडव्हान्स लगेच परत करू नका, आणि कंपनीला रागाच्या भरात उत्तरही देऊ नका. तुमची बाजू बरी आहे. ती कच्ची पडते एकाच ठिकाणी, लेटरहेडवरच्या 'मान्यताप्राप्त' या शब्दावर.

या क्षेत्रात 'सर्टिफाइड' आणि 'अॅक्रेडिटेड' हे शब्द लोक सर्रास एकाच अर्थाने वापरतात. कायदा तसं करत नाही. ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१च्या कलम १४ प्रमाणे केंद्र सरकार 'डेझिग्नेटेड कन्झ्युमर'ला, म्हणजे अधिसूचित मोठ्या ऊर्जाग्राहकाला, ऑडिट करून घ्यायला सांगू शकतं. हे ऑडिट 'अॅक्रेडिटेड एनर्जी ऑडिटर'नेच करायचं असतं. या शब्दाची व्याख्या त्याच कायद्यात आहे आणि पात्रता केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीच्या, म्हणजे बीईईच्या, २०१०च्या नियमांत आहे. बीईईची राष्ट्रीय परीक्षा चार पेपरांची आहे. पहिले तीन पास झाले की एनर्जी मॅनेजर, चौथाही झाला की ऑडिटर. इतकं केलं तरी माणूस फक्त सर्टिफाइड ठरतो. त्यापुढे ऑडिटचा पाच वर्षांचा अनुभव, त्यातली किमान तीन वर्षं ऊर्जाप्रधान उद्योगातली, आणि मग बीईईचं स्वतंत्र अॅक्रेडिटेशन, एवढं झाल्यावर नाव यादीत येतं.

परदेशी परीक्षेचा या अटींमध्ये उल्लेख नाही. त्यात नावांचा घोळ आहे. तुमच्या प्रमाणपत्राचं लघुरूप सीईए, आणि बीईईच्या सर्टिफाइड ऑडिटरलाही लोक सीईएच म्हणतात. दोन वेगळ्या संस्था, दोन वेगळ्या परीक्षा. खरेदी विभागात बसलेल्या माणसाला हा फरक दिसत नाही, आणि बहुतेक तिथेच तुमच्या प्रकरणाची गाठ पडली.

आता गिरणीकडे बघू. कापड उद्योगात वर्षाला ३,००० टन तेल समतुल्य किंवा जास्त ऊर्जा वापरणारं युनिट अधिसूचित ग्राहकांत धरलं जातं. पत्रातल्या सुरावरून ही गिरणी त्यातली असावी आणि ऑडिटची मुदत डोक्यावर आली असावी. कलम १४खालचा हा आदेश पाळला नाही तर दंड त्या ग्राहकावर येतो. कलम २६ प्रमाणे तो दर चुकीला १० लाख रुपयांपर्यंत असू शकतो. त्यामुळे त्यांचा राग समजण्यासारखा आहे, पण तो दंड तुमच्या नावावर वळवायला कायद्यात आधार नाही. वैधानिक ऑडिट कुणाकडून करून घ्यायचं ही जबाबदारी ग्राहकाची आहे. खासगी कामासाठी एनर्जी ऑडिट करायला या कायद्याने कुणालाही मनाई केलेली नाही. म्हणून तुमचा करार बेकायदा ठरत नाही.

वर्क ऑर्डर पुन्हा एकदा शांतपणे वाचा. तिच्यात बीईई, कलम १४ किंवा 'अॅक्रेडिटेड' यांपैकी काही लिहिलंय का? तुम्ही पाठवलेल्या प्रतीत मला तरी दिसलं नाही. तिथे फक्त 'सर्टिफाइड' आहे, आणि सर्टिफाइड तुम्ही आहातच. करारात मागितलं तेच तुम्ही दिलं, हा तुमचा पहिला आणि मुख्य बचाव.

यावर कंपनीचा वकील लेटरहेड पुढे करणार. 'मान्यताप्राप्त' हे इंग्रजीतल्या अॅक्रेडिटेडचंच मराठी रूप आहे, असं तो म्हणेल, आणि ते म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. करार कायदा, १८७२च्या कलम १८ प्रमाणे, माणूस स्वतः खरं मानत असला तरी पुरेसा आधार नसताना खोटी गोष्ट ठामपणे सांगितली, तर ते 'मिसरिप्रेझेंटेशन' ठरू शकतं. तसं ठरलं, तर समोरच्याला करार रद्द करण्याचा अधिकार मिळतो. पण कलम १९ला एक अपवाद आहे. सर्वसाधारण काळजी घेतली असती तर खरं कळलं असतं, अशी परिस्थिती असेल तर अशा कारणावरून करार रद्द करता येत नाही. तुम्ही सर्टिफिकेटची प्रत जोडली होती, तिच्यावर परदेशी संस्थेचं नाव छापलेलं आहे, आणि बीईईच्या यादीत नाव शोधणं काही अवघड काम नाही. हा अपवाद तुमच्यासाठी सोन्यासारखा आहे. मात्र जाणूनबुजून केलेल्या फसवणुकीला तो लागू होत नाही. त्यामुळे कोटेशन आणि त्याला जोडलेला प्रत्येक कागद, ज्या ई-मेलने पाठवला त्या ई-मेलसकट, जपून ठेवा. फसवणुकीच्या फौजदारी तक्रारीत सुरुवातीपासून अप्रामाणिक हेतू होता हे दाखवावं लागतं. आपलं सर्टिफिकेट स्वतःच समोर ठेवणाऱ्यावर तो हेतू चिकटवणं कठीण आहे.

आणखी एक मुद्दा तुमच्या अहवालातच आहे, आणि तो तुम्ही मला प्रश्नात लिहिलासुद्धा नाही. पान १९वर कॉम्प्रेस्ड एअरची गळती चाचणी आहे. हवा वापरणारी सगळी यंत्रं बंद ठेवून तुम्ही एक कॉम्प्रेसर चालवला. तो दोन मिनिटं लोडवर, म्हणजे हवा भरत, आणि सहा मिनिटं अनलोड, म्हणजे हवा न भरता, असा फिरत राहिला. आठातली दोन मिनिटं, म्हणजे त्या कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या २५ टक्के हवा फक्त गळतीत जात होती. तुम्ही जोडलेल्या ई-मेलमध्ये गिरणीचा मेंटेनन्स इंजिनिअर लिहितो, 'तुम्ही दाखवलेले सांधे बदलले, आता एक कॉम्प्रेसर स्टँडबायला ठेवता येतो.' करार रद्द करायचा तर कलम ६४ प्रमाणे घेतलेला लाभ परत करावा लागतो. सांधे बदलून झालेली बचत गिरणी कशी परत करणार? हा ई-मेल उत्तरासोबत जोडा.

तुमचा व्यवसाय उद्यम नोंदणीकृत असेल आणि नोंदणी या ऑर्डरच्या आधीची असेल, तर लघुउद्योगांसाठीचा एमएसएमईडी कायदा, २००६ही पाहा. सेवा मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर ती स्वीकारली असं धरलं जातं. इथे हरकत चार महिन्यांनी आली आहे. उरलेल्या बिलासाठी त्याच कायद्याखालच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जाता येईल आणि तिथे व्याजही चक्रवाढ लागतं. नोंदणी नसेल तर दिवाणी दावा. त्याची मुदत साधारण काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षं.

उत्तर पाठवताना मी एक प्रस्तावही ठेवेन. गिरणीने यादीतल्या अॅक्रेडिटेड ऑडिटरकडून वैधानिक ऑडिट करून घ्यावं, आणि तुम्ही तुमची मोजमापं, सिंगल लाइन डायग्रॅम आणि मीटर रीडिंग त्याला विनामूल्य द्यावीत. बदल्यात गिरणीने उरलेल्या बिलातला ठरावीक भाग देऊन प्रकरण मिटवावं. बऱ्याच वेळा एवढ्यावर काम होतं. पण एक गोष्ट कुणीही सुचवली तरी करू नका : तुमच्याच अहवालावर एखाद्या अॅक्रेडिटेड मित्राची सही घेणं. ऑडिट त्याने केलेलं असायला हवं. प्लँटमध्ये पाऊल न टाकता केलेली सही त्याचं अॅक्रेडिटेशन घालवेल, आणि आज नसलेला फसवणुकीचा हेतू तुमच्या फाइलमध्ये तयार होईल. जुनं लेटरहेड आजच बंद करा, पण जुन्या कागदांवर खाडाखोड करू नका.

पुढच्या कामांबद्दल. कोणतं सर्टिफिकेट भारी, हा प्रश्न बाजूला ठेवा आणि अहवाल शेवटी कोणाच्या टेबलावर जाणार, तिथून मागे या. तो नियामकाकडे जाणार असेल तर ज्या कायद्याखाली तो मागितला आहे, त्या कायद्यातली व्याख्या काढा, तिथून नियम, नियमांतून यादी. यादीत नाव कुणाचं आहे तेही नीट बघा. काही कामांत माणसाची मान्यता चालते, काहींत संस्थेची लागते. २०२३च्या कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजनेत पडताळणी 'अॅक्रेडिटेड कार्बन व्हेरिफिकेशन एजन्सी' करते. तिथे तुम्ही कितीही परीक्षा पास झालात तरी एकट्याने सही करता येणार नाही. देशाबाहेरचं काम घेतलंत तरी रीत हीच. ब्रिटनमधल्या ईसॉस या ऊर्जा ऑडिटच्या योजनेत लीड असेसर मंजूर नोंदवहीत असावा लागतो, आणि तिथे बीईईच्या यादीतलं नाव पुरत नाही.

खासगी क्लायंट वेगळा. त्याला कायद्यापेक्षा स्वतःचं काम महत्त्वाचं असतं, आणि तिथे तुमच्या परदेशी परीक्षेला वजन आहे. आयएसओ ५०००१चा लीड ऑडिटर मात्र ऊर्जा व्यवस्थापनाची पद्धत तपासतो, बॉयलरची कार्यक्षमता नाही. ऊर्जा ऑडिट कसं करावं याचं मानक आयएसओ ५०००२ आहे. शिवाय आयएसओ ही संस्था स्वतः कुणालाच प्रमाणपत्र देत नाही, तेव्हा 'आयएसओ सर्टिफाइड ऑडिटर' असं कार्डावर लिहू नका. ग्रीन बिल्डिंगचंही असंच आहे. तिथल्या 'लीड' या मानांकनातली 'लीड एपी' ही माणसाची पात्रता, इमारतीचं प्रमाणपत्र वेगळं.

कोटेशन देण्यापूर्वी क्लायंटला एक ओळ ई-मेल करा : 'हा अहवाल कोणत्या कायद्याखाली किंवा कोणत्या संस्थेला सादर करायचा आहे, आणि सही करणाऱ्याची पात्रता कोणत्या शब्दांत मागितली आहे?' मग स्वतःच्या सहीखाली परीक्षेचं नाव, ती घेणारी संस्था, प्रमाणपत्र क्रमांक आणि वैधतेची तारीख एवढंच लिहा. या कामासाठी लिहायची ओळ अशी होईल : 'हे ऑडिट ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१खालचं वैधानिक ऑडिट नाही.' ही ओळ कोटेशनमध्ये टाका आणि अहवालाच्या पहिल्या पानावरही.

कंपनीच्या पत्राला उत्तर देण्याची मुदत त्यांनी लिहिली असेल, तर ती संपण्याआधी वकिलामार्फत उत्तर गेलंच पाहिजे. तोवर फोनवर बोलणं टाळा.