झाकणाच्या कथेतील प्रयोगाविषयी

झाकणामुळे पाणी लवकर उकळते हे दाखवायला तुमच्या कथेतील मुलगी आधी उघड्या आणि मग झाकलेल्या पातेल्यात पाणी तापवते. हा क्रम कृपया उलटा करावा, कारण दुसऱ्या खेपेला मातीची चूल आधीच तापलेली असते आणि चुलीचे श्रेय झाकणाला मिळते. तेवढेच गार पाणी आणि तेवढाच जाळ असताना, गार चुलीवरचे झाकलेले पाणी तरीही लवकर उकळले, तर तिचा निष्कर्ष मला खरोखर पटेल. सैल झाकणामुळे दाब वाढतो, हे वाक्य मात्र वगळावे. निसटणारी १ ग्रॅम वाफ साधारण ५४० ग्रॅम पाणी १ अंशाने तापवण्याइतकी उष्णता घेऊन जाते, आणि ती वाफ झाकणाखाली थेंब होऊन परततानाच तिला दिसायला हवी.